बाळाशी बोबडं बोलावं की नाही?

कोकणात तान्ह्या मुलाच्या आईला आज दोन तऱ्हेचे सल्ले मिळतात. एक जण सांगतो, मुलाशी बोबडं बोलू नका, शब्द स्वच्छ उच्चारा, नाहीतर मूल बोबडंच राहील. दुसरा सांगतो, मुलाशी सारखं बोलत राहा, छोट्या सोप्या वाक्यांत बोला, जितकं बोलाल तितकं ते शिकेल. अंगणवाडीच्या बैठकीत, दवाखान्याच्या बाकावर, मोबाईलवर फिरणाऱ्या मजकुरात, गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्यांच्या गप्पांत हेच ऐकू येतं. सल्ले एकमेकांच्या उलट आहेत, पण दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे: मोठ्यांनी बेतून दिलेल्या बोलण्यातून मूल भाषा शिकतं, आणि बेत चुकला की मूल मागे पडतं. मग मूल उशिरा बोलायला लागलं की दोष आईचा, आणि आई बागेत किंवा मासळीच्या कामात असेल तर आजीचा. त्या आजीच्या मालवणीचाही.

ही समजूत जशीच्या तशी मान्य करता येत नाही, असं माझं म्हणणं आहे. मुलाकडे बघून, त्याच्याशी म्हणून बोललेल्या बोलण्याचा उपयोग आहे आणि तो मोजताही आला आहे. पण बोलणं सोपं करून दिल्याशिवाय व्याकरण येत नाही, याला पुरेसा आधार नाही. आणि भाषेतल्या काही गोष्टी अशा आहेत की त्या मुलाला दुसऱ्यांचं बोलणं कानावर पडूनच उलगडतात.

आधी आपलं लाडाचं बोलणं नीट पाहू. जगात या विषयाचा अभ्यास सुरू झाला तेव्हा मराठी अगदी पहिल्या रांगेत होती. 1964 मध्ये चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने सहा भाषांतल्या बाळबोलीची तुलना केली. अरबी, इंग्रजी, स्पॅनिश, कोमांची, गिल्याक आणि मराठी अशा त्या सहा. त्याच वर्षी अशोक केळकरांचा मराठी बाळबोलीवरचा स्वतंत्र लेखही प्रसिद्ध झाला. सहाही भाषांत काही खुणा सारख्या दिसल्या: प, ब, म असे ओठांवरचे आवाज जास्त, जोडाक्षरं कमी, एकच अक्षर दोनदा. आपलं मम्मं, दुदू, भूभू, माऊ, जोजो, भुर्र, हम्मा, बाऊ आठवून पाहा. र चा ल करून ‘लाजा’ म्हणणंही त्यातलंच.

हे सगळं सोपं करणं शब्दांपुरतंच आहे. व्याकरणाला तिथे कोणी हात लावत नाही. आई म्हणते, “भूभू आला, माऊ आली, बाळ आलं.” तीन बाळशब्द आणि मराठीची तिन्ही लिंगं, क्रियापदाच्या शेवटासकट. मालवणी घरात तेच “भूभू इलो, माऊ इली, बाळ इला” असं होतं. परक्या प्रांतातून आलेला मोठा माणूस मराठी शिकताना ज्या तीन लिंगांपाशी वर्षानुवर्षं अडखळतो, ती बाळबोलीत जशीच्या तशी आहेत. मुलाला झेपणार नाहीत म्हणून कोणी आजी सगळ्यांना ‘आला’ लावत नाही.

आता लाडाने ‘मी’ आणि ‘तू’ टाळण्याची आपली सवय घ्या. आई मुलाला “तू आंबा खाल्लास का?” असं विचारण्याऐवजी “बाळाने आंबा खाल्ला का?” असं विचारते. स्वतःबद्दल “मी देते” न म्हणता “आई देते हं” म्हणते. ऐकायला हे सोपं वाटतं, कारण सर्वनाम गेलं आणि नाव आलं. पण मराठीत ‘तू आंबा खाल्लास’ मध्ये कर्त्याला प्रत्यय लागत नाही, आणि ‘बाळाने’ म्हटलं की ‘ने’ लावावा लागतो. उलट ‘खाल्लास’ मधला ‘स’ गळतो. मालवणीत तर “बाळान आंबो खाल्ल्यान काय?” असं होतं, म्हणजे कर्त्याला ‘न’ आणि क्रियापदालाही ‘न’. एक अडचण काढली आणि दुसरी घातली, एवढंच झालं. आणि आंबा असेल तर ‘खाल्ला’, पोळी असेल तर ‘खाल्ली’, केळं असेल तर ‘खाल्लं’, ही कर्माप्रमाणे बदलणारी क्रियापदाची रूपं दोन्हीकडे कायमच आहेत. मोठ्यांनी व्याकरण पायरीपायरीने चढवत नेल्यामुळे मूल ते शिकत असेल, तर या पायऱ्या कुठेतरी दिसायला हव्यात. आपल्या बाळबोलीत मला त्या दिसत नाहीत.

‘मी’ आणि ‘तू’ यांवर थोडं थांबायला हवं, कारण या प्रश्नाचं मर्म तिथे आहे असं मला वाटतं. ‘आंबा’ हा शब्द कोणीही उच्चारला तरी आंबाच. ‘तू’ मात्र बोलणारा बदलला की दुसऱ्यावर जातो. आता समजा, मूल फक्त त्याला उद्देशून बोललेलंच ऐकतंय. त्या बोलण्यात ‘तू’ म्हणजे दर वेळी तेच मूल आणि ‘मी’ म्हणजे दर वेळी समोरचा मोठा माणूस. हुशार मुलाने यातून काय अर्थ काढावा? ‘तू’ हे माझं नाव, असाच. काही मुलं काही काळ खरोखर तसं बोलतात, स्वतःला ‘तू’ आणि आईला ‘मी’ म्हणतात. ‘तू’ फिरता आहे हे कळायला मुलाला दोन इतर माणसांचं आपसातलं बोलणं पाहावं लागतं: आईने काकीला ‘तू’ म्हटलं, मग काकीने आईला ‘तू’ म्हटलं.

युरिको ओशिमा-ताकाने या संशोधिकेने नेमका हाच मुद्दा तपासला. 1988 च्या तिच्या प्रयोगात लहान मुलांना आईवडिलांनी एकमेकांशी सर्वनामं वापरून बोलताना पाहण्याची मुद्दाम संधी दिली, आणि ज्यांना ती मिळाली त्यांना सर्वनामं बरोबर वापरता आली. 1996 मध्ये तिने आणि सहकाऱ्यांनी पहिल्या आणि दुसऱ्या मुलांची तुलना केली. दुसऱ्या मुलाला आई एकट्याने कमी वेळ देऊ शकते, म्हणून ते मागे राहावं असा आपला अंदाज. बाकीच्या भाषेत तसा फरक निघाला नाही, आणि सर्वनामांत दुसरी मुलं पुढे निघाली. आई आणि मोठं भावंड यांचं बोलणं ती सतत ऐकत होती.

आता कोकणातल्या घराकडे वळू. मे महिन्यात वेंगुर्ले-मालवणकडे खळ्यात बायका रातांबे फोडायला बसतात. बोटं लाल झालेली, एका बाजूला साली, एका बाजूला बिया, आणि मधे दोन वर्षांची पोर टोपल्यांत हात घालतेय. आजी सुनेला म्हणते, “ही माझी टोपली, ती तुझी.” सून म्हणते, “माझी खंय? तुझी ती.” पोर एक टोपली ओढून घेते आणि म्हणते, “तुझी!” तिला म्हणायचं असतं ‘माझी’. तिचं व्याकरण कोणी सुधारत नाही, तसा कोणाला वेळही नाही. काकी मात्र हसून सांगते, “सांग तिका, माझी म्हणान.” पोर आजीकडे बघून म्हणते, “माझी!”

या दोन मिनिटांत पोरीशी थेट बोललेलं वाक्य एकच आहे. बाकी सगळं तिच्या डोक्यावरून गेलेलं मोठ्यांचं बोलणं, तेही नुसतं ‘माझी-तुझी’ची अदलाबदल. पुस्तकातून असा धडा रचायचा म्हटला तर कठीण जाईल. आणि काकीचं ते ‘सांग’ पाहा. मुलाच्या तोंडून काय निघायला हवं ते त्याच्याच बाजूने बोलून देण्याची ही रीत आपल्याकडे घरोघरी आहे: “आजोक सांग, माका घे म्हणान.” इथे ‘माका’ मुलाच्या बाजूने येतं, म्हणजे ‘मी’ कोणाचा हा घोळच उरत नाही.

जगाच्या दुसऱ्या टोकाला पापुआ न्यू गिनीतल्या कालुली लोकांत बांबी शिफेलिन हिने 1970 च्या दशकात जवळपास हेच नोंदवलं. कालुली आया तान्ह्याशी बोबडं बोलत नाहीत. तान्ह्याला समज नसते असं त्या मानतात, आणि बोबडं बोललं तर मूल बाळबोधच राहील अशी त्यांची धारणा आहे. पण मूल मांडीवर बाहेरच्या बाजूला तोंड करून धरायचं आणि त्याच्या वतीने भावंडांशी बोलायचं, आणि मूल बोलायला लागलं की ‘असं म्हण’ सांगून पुरी वाक्यं त्याच्या तोंडी द्यायची, हा त्यांचा नित्याचा रिवाज. कालुली मुलं कालुली उत्तम बोलतात.

मेक्सिकोतल्या त्सेल्ताल माया गावाचा अभ्यासही महत्त्वाचा आहे. मरिसा कॅसियास आणि सहकाऱ्यांनी तिथल्या तीन वर्षांखालच्या दहा मुलांचे दिवसभराचे आवाज नोंदवले आणि 2020 मध्ये निष्कर्ष छापले. मुलाला उद्देशून बोलणं तासाला सरासरी 3.6 मिनिटं भरलं. उरलेला वेळ मूल पाठीशी बांधलेलं, नाहीतर इतरांच्या बोलण्यात बसलेलं. आपल्या सल्लागारांच्या हिशेबाने ही मुलं फार मागे पडायला हवीत. पण बडबड, पहिले शब्द, दोन शब्द जोडणं हे टप्पे त्यांनी इतर समाजांतल्या मुलांसारख्याच वयात गाठले.

इथे दुसरी बाजूही तेवढ्याच स्पष्टपणे मांडायला हवी, कारण ती खरी आहे. 2013 मध्ये वाइसलेडर आणि फर्नाल्ड यांनी अमेरिकेतल्या 29 गरीब, स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतल्या 19 महिन्यांच्या मुलांचा एकेक दिवस नोंदवला. दिवसभरात एका मुलाला उद्देशून बारा हजारांवर शब्द बोलले गेले आणि दुसऱ्याला सातशेदेखील नाहीत. सगळी घरं गरीबच, तरी केवढी तफावत. पुढे 24 महिन्यांचं झाल्यावर ज्यांच्याशी जास्त बोललं गेलं त्यांच्याकडे शब्द जास्त होते, आणि नुसत्या कानावर पडलेल्या बोलण्याचा त्या शब्दसंख्येशी संबंध दिसला नाही. युकातेक माया गावातही श्नायडमन आणि गोल्डिन-मेडो यांना 2012 मध्ये असंच आढळलं. म्हणजे बोलण्याचा परिणाम होतो. पण तो कशावर होतो, हे सल्ला देणाऱ्याने विचारायला हवं. दोन्ही ठिकाणी मोजली गेली ती शब्दांची संख्या. शब्द शिकायला ती वस्तू आणि तो आवाज एकाच वेळी मुलाच्या ध्यानात यावे लागतात, आणि कोणी त्याच्याकडे बघून “हा बघ खेकडा” म्हटलं की ते सहज होतं. लिंग, प्रत्यय, सर्वनाम यांचं शिकणं त्याहून निराळं आहे.

व्याकरणाचं स्वतंत्र मोजमाप 1977 मध्ये न्यूपोर्ट आणि ग्लाइटमन दांपत्याने केलं. 15 आया आणि त्यांच्या मुली, सहा महिन्यांच्या अंतराने दोन भेटी. आई जितकी छोटी, सोपी वाक्यं बोलते तितकी मुलगी भराभर पुढे जाते, असं काही निघालं नाही. एकच ठळक दुवा सापडला: ज्या आया हो-नाही उत्तराचे प्रश्न जास्त विचारत, त्यांच्या मुलींना इंग्रजीची सहायक क्रियापदं लवकर आली, कारण इंग्रजीत अशा प्रश्नात ती वाक्याच्या सुरुवातीला येऊन ठळकपणे ऐकू येतात. दोन वर्षांनी फरो, नेल्सन आणि बेनेडिक्ट यांनी आपल्या पाहणीतून उलट निष्कर्ष काढला आणि वाद पुढे चालला. मुलींचं वय किती आणि पहिल्या भेटीत त्यांना आधीच किती येत होतं, यावर आकडे हलतात. एवढ्या हलत्या आकड्यांवर गावोगावच्या आयांना ‘सोप्या वाक्यांत बोला’ असा नियम घालून देणं मला पटत नाही.

मग लाडाचं बोलणं टाकून द्यावं का? मुळीच नाही. त्याच्या सुराचं काम वेगळं आहे. उंच, लांबवलेल्या, हेलकावे घेणाऱ्या आवाजाकडे तान्ही मुलं जास्त वेळ लक्ष देतात. 2020 मध्ये 67 प्रयोगशाळांनी मिळून हे पुन्हा तपासलं आणि ते टिकलं. तो सूर म्हणजे ‘हे तुझ्यासाठी आहे’ अशी हाक आहे. त्याने मूल रमतं, वळून बघतं, हसतं, आणि तोच वेळ शब्दांना मिळतो. तोही सगळीकडे सारखा नाही. ग्वातेमालातल्या किचे माया आया मुलाशी बोलताना आवाज चढवत नाहीत, असं क्लिफ्टन पाय यांनी 1980 च्या दशकात दाखवलं आहे. म्हणून ज्या आजीला ‘मम्मं-भूभू’ करून बोलायला आवडतं तिने खुशाल बोलावं. त्याने मूल बोबडं राहत नाही. मोठ्यांच्या तोंडचा ‘कुत्रा’ही त्याच्या कानावर पडतच असतो. आणि जिला तसं बोलता येत नाही, तिने ओढूनताणून बोलायची गरज नाही.

माझा राग आहे तो या सगळ्यातून निघणाऱ्या एका सल्ल्यावर. मालवणी किंवा संगमेश्वरी बोलणाऱ्या घराला सांगितलं जातं की मुलाशी ‘शुद्ध’ मराठीत, जमल्यास इंग्रजीत, सोपं सोपं बोला. घरच्या आजीला त्या भाषेत चार वाक्यं येतात. मग तिचं बोलणं आटतं. ती मुलाला “हे काय आहे? हा बॉल आहे” एवढंच म्हणते आणि गप्प बसते. खळ्यात ज्या भाषेत ती भांडते, हिशेब करते, गोष्ट सांगते, ती मुलापासून दूर ठेवली जाते. मुलाला उद्देशून बोललेले शब्द वाढावेत म्हणून दिलेल्या सल्ल्याने तेच शब्द कमी होतात, आणि सर्वनामांचा, प्रत्ययांचा जो खजिना आसपासच्या गप्पांत होता तोही जातो. ती रिकामी जागा हल्ली मोबाईलने भरली जाते. पॅट्रिशिया कूल हिने 2003 मध्ये नऊ-दहा महिन्यांच्या अमेरिकन मुलांना मँडरिन ऐकवून पाहिली. समोर बसून खेळवणाऱ्या माणसाकडून त्यांनी त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकले, आणि तोच माणूस, तोच मजकूर पडद्यावरून दिल्यावर काहीच शिकले नाहीत. प्रमाण मराठी मुलाला शाळेत लागणारच आहे, आणि अंगणवाडीत ती हळूहळू मिळते. तीन वर्षांपर्यंत घराने स्वतःच्या भाषेत भरभरून बोलावं, हेच सांगायला हवं.

आईच्या बोलण्याला दोष देण्याचा आणखी एक परिणाम होतो, आणि तो सगळ्यांत महाग पडतो. ‘घरात कोणी बोलत नाही म्हणून बोलत नाही’, ‘आजीने बोबडं शिकवलं’, ‘बापूसही उशिरा बोलायला लागलो होतो’, अशा कारणांत ऐकू न येणाऱ्या मुलाची वर्षं निघून जातात. बहिरं बाळही पहिल्या काही महिन्यांत रडतं, हसतं, गळ्यातून आवाज काढतं, म्हणून घराला शंका येत नाही. फरक दिसतो तो पुढे. ऐकू येणारी मुलं साधारण दहा महिन्यांपर्यंत ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी स्पष्ट अक्षरांची माळ लावतात. ज्यांना नीट ऐकू येत नाही त्यांच्यात ती माळ लांबते किंवा येतच नाही. दहा-अकरा महिन्यांचं मूल अशी बडबड करत नसेल, किंवा सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’सारखे दोन शब्द जोडत नाही असं असेल, तर पहिली तपासणी कानाची व्हायला हवी. ओएई नावाची चाचणी झोपलेल्या बाळाच्या कानात छोटं टोक बसवून काही मिनिटांत होते. बाळाला काही करावं लागत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला, आणि त्याच्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीतली मुलं तपासायची असतात. ऐकू न येणं हे त्या यादीत आहेच. आपल्या वाडीत पथक येईल त्या दिवशी घरच्यांनी मुलाला घेऊन जावं, आणि दीड वर्षाच्या मुलाच्या बोलण्याबद्दल शंका असेल तर ती आपण होऊन सांगावी. तिथे कोणी ‘घरी जास्त बोला’ एवढं सांगून परत पाठवू लागलं, तर त्यावर न थांबता कानाच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवण्याची चिठ्ठी मागून घ्यावी.